लॅब रिपोर्टच्या फोटोवरून अरबी भाषांतर: आकडा, एकक आणि रेंज जशीच्या तशी ठेवायची रीत

मिरजेत दवाखान्यांची कमी नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून बाहेरगावचा पेशंट या गावाला नवा नाही. त्यात अधूनमधून अरबी बोलणारं कुटुंबही असतं. शिवाय सांगली-मिरजेतली बरीच मुलं आखातात नोकरीला आहेत, तिथल्या कुणाला तरी इथला रिपोर्ट दाखवायचा असतो. मग मदरशात अरबी शिकलेल्या किंवा दहा वर्षं मस्कतला काढून आलेल्या माणसाच्या मोबाईलवर एक फोटो येतो, खाली निरोप: "भाई, एवढं अरबीत करून द्या ना, दोनच पानं आहेत."

या कामात पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लॅब रिपोर्टमध्ये भाषा फार थोडी असते, म्हणून ते सोपं वाटतं. पण जास्त चुका भाषेत नाही, आकड्यांत होतात. अरबी उजवीकडून डावीकडे चालते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. ही दोन्ही एका ओळीत आली की कॉम्प्युटर स्वतःच्या नियमाने त्यांची जागा बदलतो. या लेखातला जास्त भाग त्यावरच खर्च करणार आहे.

उदाहरणाला एक साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, घेऊ. समजा, येमेनहून आलेल्या एका बाईंचा आहे आणि तो गावाकडच्या डॉक्टरांना आणि घरच्यांना पाठवायचा आहे. छापील कागदावर असं आहे:

```
HAEMOGLOBIN       9.8   L   g/dL        12.0 - 15.0
RBC COUNT         4.35      mill/cumm   3.8 - 4.8
PCV               31.2  L   %           36 - 46
MCV               71.7  L   fL          83 - 101
MCHC              31.4  L   g/dL        31.5 - 34.5
TOTAL WBC COUNT   7800      /cumm       4000 - 10000
PLATELET COUNT    2.45      lakhs/cumm  1.50 - 4.10
```

आधी फोटोचं बघा

फोटो आला की भाषांतराला बसू नका, आधी पीडीएफ मागा. बहुतेक लॅब आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ देतात, पेशंटला ते माहीत नसतं इतकंच. लॅबला फोन लावून "ताई, या नंबरचा रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर पीडीएफमध्ये टाकता का?" एवढं विचारलं की अर्धी डोकेदुखी संपते. फोन मात्र पेशंटच्या माणसाकडूनच करवून घ्यावा. कुणाचा रिपोर्ट कुणाला द्यायचा हे लॅबने बघायचं असतं, आपण मध्ये पडू नये.

पीडीएफ मिळालाच नाही तर फोटो पुन्हा काढायला सांगा. दिवसाच्या उजेडात, कागद टेबलावर सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा, आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो, आणि त्यात सगळ्यात आधी जातो तो दशांशाचा टिंब. ९.८ चं ९८ झालं तर कुणाच्याही लक्षात येईल, पण ४.३५ चं ४३५ किंवा १.५० चं १५० झालं तर नवख्याला त्यात काही वावगं दिसत नाही. खाली पानाचा नंबर बघा. 'पान २ पैकी १' असेल तर दुसरं पान मागून घ्या, बऱ्याचदा डॉक्टरांचा शेरा त्याच पानावर असतो.

वाकड्या फोटोचा आणखी एक त्रास म्हणजे ओळ सरकते. डावीकडे हिमोग्लोबिन वाचलं आणि उजवीकडे पोचेपर्यंत नजर खालच्या ओळीच्या रेंजवर गेली, असं सहज होतं. मी फोटोची प्रिंट काढतो आणि प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून आडवं वाचतो. स्क्रीनवरच करायचं असेल तर फोटो आधी सरळ फिरवून घ्या. काही रिपोर्टमध्ये एकाच तपासणीसमोर पुरुष, स्त्री आणि लहान मूल अशा तीन रेंज एकाखाली एक असतात. तिथं तिन्ही उतरवायच्या. आपल्या पेशंटला लागू ती कोणती, हे आपण निवडायचं नाही.

आकडे बरोबर वाचले का, हे रिपोर्टलाच विचारा

सीबीसीत एक सोय आहे, तिचा फायदा नवे लोक घेत नाहीत. यातले काही आकडे एकमेकांवरून काढलेले असतात, त्यामुळे एखादा चुकीचा वाचला की बाकीचे चुगली करतात.

```
MCV  = PCV ÷ RBC × 10
MCHC = Hb ÷ PCV × 100
```

आपल्या रिपोर्टवर हे लावून बघू. समजा ट्यूबलाइटची चमक नेमकी पीसीव्हीच्या आकड्यावर आली आहे आणि तो ३१.२ आहे की ३७.२ हे कळत नाही. छापलेला एमसीव्ही ७१.७ आहे. ३७.२ भागिले ४.३५ गुणिले १० केलं तर ८५.५ येतं, ते जुळत नाही. ३१.२ घेतलं तर ७१.७ येतं, बरोबर. एमसीएचसीवरूनही तेच: ९.८ भागिले ३१.२ गुणिले १०० म्हणजे ३१.४, कागदावरही ३१.४. आता शंका उरली नाही. पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्क्यांत दिलेले असतील तर त्यांची बेरीज १०० यायला हवी. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन मिळून टोटल होतं.

पण हे गणित फक्त तपासायला वापरायचं. आकडा दिसतच नसेल तर गणिताने काढून भरू नका. तिथं "मूळ प्रतीत अस्पष्ट" असं अरबीत लिहा (`غير واضح في الأصل`, वाचायला 'ग़ैर वाज़िह फ़िल अस्ल') आणि लॅबकडून खात्री करून घ्या. आणि गणित जुळलं नाही तरी छापलेला आकडा बदलू नका. मशीन आतमध्ये जास्त दशांश घेऊन मोजतं, त्यामुळे शेवटच्या स्थानी एखाद्या अंकाचा फरक पडू शकतो.

राउंड करणंही नको. आपल्या रिपोर्टमध्ये एमसीएचसी ३१.४ आहे आणि रेंज ३१.५ पासून सुरू होते, म्हणून समोर `L`, म्हणजे कमी, असं आहे. सुटसुटीत दिसावं म्हणून कुणी टिंबानंतरचा अंक गाळून ३१.४ चं ३१ आणि ३१.५ चंही ३१ केलं, तर `L` कशामुळे आला हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. ३६ लिहिलंय तिथं ३६.० करायचं नाही आणि १२.० चं १२ करायचं नाही.

तपासणीचं नाव: इंग्रजी ठेवा, अरबी शेजारी लिहा

इंग्रजी नाव जसं छापलंय तसंच पहिलं लिहायचं, स्पेलिंगसकट, आणि त्याखाली अरबी नाव. डॉक्टर इंग्रजीवरून ओळखतील, घरचे अरबीवरून.

```
HAEMOGLOBIN
الهيموغلوبين
PCV
حجم الخلايا المكدسة
PLATELET COUNT
عدد الصفائح الدموية
```

अरबी देशांत एकाच तपासणीला दोन-तीन नावं चालतात. हिमोग्लोबिनला कुठं 'अल-हीमोग्लोबीन' म्हणतात, कुठं 'ख़िदाब अद-दम'. अमुकच बरोबर असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, पण एका रिपोर्टमध्ये एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा. अडलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागाचा 'अल-मुअजम अत-तिब्बी अल-मुवह्हद' हा एकत्रित वैद्यकीय शब्दकोश बघावा.

रिपोर्टवर `PCV` असेल तर ते `HCT` करू नका. `SGPT` असेल तर `ALT` करू नका, जरी तपासणी तीच असली तरी. कागदावरचं नाव आणि भाषांतरातलं नाव ओळीला ओळ लावून कुणी तपासलं, तर ते जुळलं पाहिजे. मदत म्हणून दुसरं नाव द्यायचंच असेल तर ते अरबी नावाच्या शेजारी कंसात द्यावं.

मोबाईलवर आपोआप होणाऱ्या भाषांतरावर भिस्त ठेवणारा नेमका इथं आपटतो. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये `Free T4` असतं. त्यातल्या पहिल्या शब्दाचं अरबी 'हुर्र' व्हायला हवं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं. कधी कधी तिथं 'मज्जानी' येतं, म्हणजे फुकट! हे वाचून हसू येतं आणि पकडताही येतं. जास्त धोका आहे तो न हसवणाऱ्या चुकांचा. `Non-Reactive` ला 'सल्बी' म्हणजे निगेटिव्ह लिहिलं तर वाचायला काहीच खटकत नाही, पण लॅबने ते लिहिलेलं नाही. तिथं `غير متفاعل` ('ग़ैर मुतफ़ाइल') लिहा, 'सल्बी' फक्त `Negative` साठी ठेवा. लघवीच्या रिपोर्टमधलं `Nil` आणि `Trace` यांतही असाच फरक आहे. `Nil` ची जागा रिकामी सोडायची नाही, कारण रिकामी जागा म्हणजे तपासणी झालीच नाही असा अर्थ होतो. साखरेच्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटी, जेवणानंतर की केव्हाही, हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो गाळलेली भाषांतरं मी पाहिली आहेत.

एककाला हात लावू नका, लाखाचा तेवढा अपवाद

`g/dL`, `fL`, `mill/cumm` हे सगळं लॅटिन अक्षरांतच ठेवायचं. अरबीत ग्रॅम आणि लिटरची आखूड रूपं आहेत, पण ती देशागणिक बदलतात. µ हे अक्षर विशेष सांभाळा. घाईत त्याचं m झालं की मायक्रोचं मिली होतं, म्हणजे हजारपट फरक. तीनचा घातही तसाच आहे. फोटोतून मजकूर उचलणारं ॲप `10³` चं `103` करून देतं आणि ते दिसतंही साळसूद.

मिलिग्रॅमचं मिलिमोल करून देण्याचा मोह टाळा. आखातातल्या काही लॅब क्रिएटिनिन `µmol/L` मध्ये देतात, आपल्याकडे `mg/dL` मध्ये. १.१ ला ८८.४ ने गुणलं की साधारण ९७ येतं, हिशेब काही अवघड नाही. पण मग रेंजही बदलावी लागते, दोन्हीकडे राउंड करावं लागतं, आणि शेवटी कागदावर नसलेले आकडे आपल्या नावावर उभे राहतात. डॉक्टरांनी मागितलंच तर वेगळ्या चिठ्ठीवर द्यावं.

लाखाची गोष्ट वेगळी आहे. प्लेटलेटसमोर २.४५ आणि एकक `lakhs/cumm`. साना किंवा बसऱ्यातल्या वाचणाऱ्याला लाख म्हणजे काय हे माहीत असेल असं धरून चालता येत नाही. म्हणून मूळ आकडा आणि एकक तसंच ठेवायचं, रेंजही १.५० ते ४.१० अशीच ठेवायची, आणि टेबलाच्या खाली भाषांतरकाराची टीप म्हणून खुलासा द्यायचा. `cumm` म्हणजे घन मिलिमीटर, आणि एक घन मिलिमीटर म्हणजे बरोबर एक मायक्रोलिटर, त्यामुळे इथं काही अंदाजे होत नाही:

```
ملاحظة المترجم:
2.45 lakhs/cumm = 245000 /µL
1.50 - 4.10 lakhs/cumm = 150000 - 410000 /µL
```

या टिपेत स्वल्पविराम घातलेला नाही, ते मुद्दाम. आपली २,४५,००० ही मांडणी बाहेर कुणी वाचत नाही, आणि मोरोक्को-अल्जीरियाकडे स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात.

रेंज उलटी का होते

आता मुख्य अडचण. वर्डमध्ये अरबी टेबल केलंत, रेंजच्या चौकटीत `12.0 - 15.0` टाइप केलंत, आणि स्क्रीनवर दिसतंय `15.0 - 12.0`. तुम्ही काही चुकलेला नाही. अरबी परिच्छेदात आकड्याच्या आतले अंक डावीकडून उजवीकडेच राहतात, पण दोन आकड्यांच्या मधली रेघ आणि मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नसते. ती परिच्छेदाची दिशा घेतात, म्हणून पहिला आकडा उजवीकडे जाऊन बसतो. `/cumm` चंही तेच. तिथं आरंभी तिरपी रेघ आहे, त्यामुळे ते `cumm/` दिसतं. `10³/µL` हे `µL/10³` होतं. `g/dL` मात्र शाबूत राहतं, कारण त्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लॅटिन अक्षरं आहेत.

इथं नवखा माणूस एक गोष्ट हमखास करतो. उलटं दिसतंय म्हणून तो आकड्यांची अदलाबदल करतो, म्हणजे `15.0 - 12.0` टाइप करतो, मग स्क्रीनवर सरळ दिसायला लागतं. हे अजिबात करू नका. फाईलच्या आत आता रेंज खरोखर उलटी लिहिली गेली. तीच चौकट कुणी कॉपी करून ईमेलमध्ये किंवा दवाखान्याच्या इंग्रजी फॉर्ममध्ये चिकटवली, की ती उलटी बाहेर पडणार.

आकडे न बदलता दिशा बदलायची. टेबल उजवीकडून डावीकडे राहू द्या. पण निकाल, एकक आणि रेंज हे तीन रकाने निवडा आणि वर्डच्या होम टॅबवरचं डावीकडून-उजवीकडे असं दाखवणारं बटण दाबा. कीबोर्डमध्ये अरबी घातलेली असेल तर `Ctrl` आणि डावीकडची `Shift` यांनीही ते होतं. मजकूर नुसता डावीकडे सरकवणारं अलाइनमेंटचं बटण वेगळं आहे, त्याने दिशा बदलत नाही. वाक्याच्या मधोमध रेंज लिहायची असेल तर तिच्या आधी `2066` टाइप करून `Alt+X` दाबा, आणि रेंजनंतर `2069` टाइप करून, फक्त तेवढेच चार अंक निवडून, पुन्हा `Alt+X` दाबा, नाहीतर रेंजचे शेवटचे अंकही त्यात ओढले जातात. न दिसणारी दोन चिन्हं बसतात आणि मधला मजकूर सरळ राहायला हवा, तरी स्क्रीनवर बघून खात्री करा.

खात्री करायची युक्ती अशी: चौकटीतला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथं लहान आकडा आधी आणि मोठा नंतर आला तर फाईल आतून ठीक आहे. उलटं आलं तर कुणीतरी अदलाबदल केलेली आहे.

`<` आणि `>` या चिन्हांचं तर बघायलाच नको. अरबी ओळीत ती जागा तर बदलतातच, आरशात पाहिल्यासारखी तोंडही फिरवतात. एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीची मर्यादा `< 5.7` अशी छापलेली असते, ती `5.7 >` अशी दिसते. अरबी सवयीने उजवीकडून वाचणारा एक अर्थ लावेल, इंग्रजी सवयीने नुसतं चिन्ह बघणारा दुसरा. म्हणून चिन्ह डाव्या-उजव्या दिशेच्या चौकटीत मूळ रूपात ठेवा आणि खाली शब्दांत लिहा: `أقل من` ('अक़ल्ल मिन') म्हणजे पेक्षा कमी, `أكثر من` ('अक्सर मिन') म्हणजे पेक्षा जास्त.

अंक कोणते वापरायचे हा प्रश्नही येतो. मी कायम `0 1 2 3` हेच ठेवतो. पूर्वेकडच्या अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसता टिंब आणि पाच दिसतो आपल्या शून्यासारखा. दशांशाच्या टिंबाशेजारी शून्याचा टिंब, आणि तेही फोटोच्या फोटोत, हे कुणी वाचावं? वर्डमध्ये ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात `Numeral` नावाची सेटिंग असते. ती `Context` वर असेल तर तुम्ही टाइप केलेले अंक अरबी मजकुरात आपोआप बदललेले दिसतात. ती `Arabic` वर ठेवा. नाव फसवं आहे, `Arabic` निवडलं की आपले नेहमीचे 1 2 3 येतात आणि `Hindi` निवडलं की अरबांचे!

व्हॉट्सॲपवर दोन-चार ओळीच पाठवायच्या असतील तर प्रत्येक ओळीची सुरुवात इंग्रजी नावाने करा. ओळीची दिशा पहिल्या अक्षरावरून ठरते. अरबी नाव त्याच ओळीत घुसवू नका, खालच्या ओळीत द्या.

```
HAEMOGLOBIN 9.8 g/dL (12.0 - 15.0) L
الهيموغلوبين
```

बाकीचं थोडक्यात

पेशंटचं नाव पासपोर्टवरच्या अरबी स्पेलिंगने लिहा, इंग्रजीवरून अंदाजाने नको. `05/04` अशी तारीख असेल तर महिना अक्षरांत लिहा. आखात, येमेन आणि इजिप्तकडे एप्रिलला 'अब्रील' म्हणतात, इराक-सीरियाकडे 'नीसान'. `H` आणि `L` तसेच ठेवून टेबलाखाली एकदाच त्यांचा अर्थ द्या. लॅबने बाईंच्या रिपोर्टवर पुरुषांची रेंज छापलेली वाटली, तरी आहे तीच उतरवा आणि घरच्यांना लॅबमध्ये विचारायला सांगा. दुरुस्ती लॅबच्या सहीने येऊ द्या.

घरचे हमखास विचारतात, "भाई, काळजीचं काही नाही ना?" समोर `L` दिसत असतो, आपल्याला अरबी येत असते, बोलायचा मोह होतो. "चाचा, कागदावर आहे ते मी सगळं लिहिलंय, अर्थ डॉक्टरसाहेबच सांगतील," एवढं म्हणून थांबावं. वकिलातीसाठी किंवा कोर्टासाठी हवं असेल तर असं खासगी भाषांतर चालत नाही, अधिकृत भाषांतरकाराकडे पाठवा.

शेवटी वर्डची फाईल पाठवू नका, पीडीएफ करा. दुसऱ्याच्या मोबाईलवर फॉन्ट बदलला की टेबल विस्कटतं. पीडीएफच्या पहिल्या पानावर भाषांतर आणि त्यामागे मूळ रिपोर्टचा फोटो जोडा. पाठवण्याआधी ती आपल्याच मोबाईलवर उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी मूळ कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायला सांगा, टिंबासकट: "नऊ पॉइंट आठ, बारा पॉइंट शून्य ते पंधरा पॉइंट शून्य." वाचणाऱ्याला अरबी यायची गरज नाही. आमच्याकडे हे काम नववीतली पुतणी करते, आणि एकदाही "ते तेच आहे, पुढं चला" म्हणत नाही.